शेंगा धरल्या आणि तूर वाळली. सोसायटीच्या कर्जाचं पुढं काय होतं?

कलबुर्गी आणि बिदर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांत २०२२ चा खरीप लोक अजून विसरलेले नाहीत. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस एवढा झाला की तुरीच्या पट्ट्यात पाणी साचून राहिलं. पुढं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे ऐन फुलोऱ्यात आणि शेंगा भरायच्या वेळेला, जमिनीतली ओल तुटली. झाडं उभी होती, शेंगा धरल्या होत्या. आणि आठ-दहा दिवसांत पट्टेच्या पट्टे वाळून काड्या झाले. कन्नडमध्ये याला ‘नेटे रोग’ म्हणतात, मराठीत आपण ‘मर’ म्हणतो. कलबुर्गी, बिदर, यादगीर आणि विजयपुरा या चारही जिल्ह्यांत तो पसरला.

कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आळंद, चिंचोळी, सेडम, चित्तापूर या भागाला ‘तुरीचं कोठार’ म्हणतात ते उगाच नाही. पण कोठार रिकामं राहिलं तर त्या शेतकऱ्याच्या खात्यावर, पासबुकावर आणि घरात नेमकं काय घडतं, हे मात्र सहसा लिहिलं जात नाही. नुकसानीचे आकडे येतात, पॅकेज येतं, बातमी संपते. कर्जाची तारीख मात्र तिथंच असते.

आधी तूर समजून घेऊ

सोयाबीन बुडालं तर शेतकऱ्याच्या हातात निदान रब्बी उरतो. ऑक्टोबरात रान मोकळं झालं की हरभरा टाकता येतो, ओल असेल तर ज्वारी. तुरीचं तसं नाही. जूनमध्ये पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत रान अडवून बसते. ती डिसेंबरात वाळली म्हणजे एक हंगाम गेला असं नाही, कोरडवाहू माणसाचं अख्खं वर्ष गेलं.

म्हणून जुनी माणसं तुरीत मूग-उडीद टाकतात. ते ऑगस्टच्या शेवटी निघतात, पोळ्याच्या आसपास चार पैसे हातात येतात आणि तुरीच्या फवारणीचा खर्च निघतो. पण २०२२ मध्ये पावसानं मूग-उडीदही धड हाती लागू दिला नाही. फवारणी उधारीवर झाली. कर्जाची पहिली गाठ इथंच बसते, पीक वाळायच्या तीन महिने आधी.

वाळलेलं झाड हातात घेतलं की कारण बहुतेक वेळा कळतं. खरी मर असेल तर खोडावर बुंध्याकडून वर चढत गेलेला तपकिरी-जांभळा पट्टा दिसतो. खोड उभं चिरलं की आत काळ्या रेघा असतात. कधी कधी झाडाची एकच बाजू सुकते, दुसरी हिरवी राहते. ही फ्युजेरियम नावाच्या बुरशीची मर. ती बुरशी जमिनीत राहिलेल्या धसकटांवर दोन-तीन वर्षं तग धरते, म्हणून तुरीवर तूर घेतली की वाढत जाते.

कोरड्या मूळकुजीत मात्र झाड एकदम वाळतं. उपटलं की सहज वर येतं, कारण मुळं कुजलेली असतात, साल चिंध्यांसारखी सुटते आणि सालीखाली मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके दिसतात. जमीन तापली आणि ओल तुटली की हा रोग जोर धरतो. तिसरा प्रकार पाणी साचलेल्या सखल रानातला. जमिनीलगत खोडावर काळपट चट्टा पडतो, खोड तिथंच बारीक होतं आणि वाऱ्यानं झाड मोडतं.

हा भेद फक्त कृषी अधिकाऱ्यांच्या कामाचा नाही. कलबुर्गीच्या कृषी संशोधन केंद्राचा ‘टीएस-३आर’ हा वाण मर रोगाला तोंड देतो म्हणून या भागात पसरला. पण मर सोसणारा वाण मूळकुजही सोसेल असं नसतं, कारण दोन्ही बुरशी वेगळ्या. ‘रोगप्रतिकारक बियाणं होतं, तरी वाळलं’ म्हणून बियाण्याला किंवा दुकानदाराला दोष देणाऱ्यानं आधी चार झाडं उपटून मुळं बघावीत. आणि ती झाडं रयत संपर्क केंद्रात दाखवून नोंद करून घ्यावी. ही नोंद पुढं का लागते ते खाली येईल.

पाच एकराचा हिशेब

आता पैशाकडं. समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना घेऊ. हा कुणा एका माणसाचा हिशेब नाही, पण आळंद किंवा भालकी तालुक्यातल्या कुठल्याही गावात याच्या आसपासचा हिशेब सापडेल.

पाच एकर कोरडवाहू रान, म्हणजे साधारण दोन हेक्टर. सोसायटीचं पीककर्ज १ लाख. तुरीचा उतारा बरा धरला तर एकरी ४ क्विंटल, एकूण २० क्विंटल. २०२२-२३ चा हमीभाव क्विंटलला ६,६०० रुपये होता. म्हणजे १ लाख ३२ हजार. कर्ज फेडून, घराला थोडं ठेवून, पुढच्या पेरणीला उभं राहता येईल असा हा हिशेब. श्रीमंती नाही, पण मान खाली घालावी लागत नाही.

मर लागल्यावर २० ऐवजी ५ क्विंटल आली असं धरू. तीही बारीक, सुरकुतलेली. हमीभावानं विकली गेली असं मानलं तरी ३३ हजार. राज्य सरकारनं २०२३ च्या सुरुवातीला या रोगासाठी हेक्टरी १० हजार रुपयांचा परिहार जाहीर केला. दोन हेक्टरला २० हजार. दोन्ही मिळून ५३ हजार. सोसायटीला द्यायचे १ लाख. घरात एक रुपया न ठेवता सगळं भरलं तरी ४७ हजार कमी.

यात एक बोचणारी गोष्ट आहे. तूर कमी पिकली म्हणून २०२३ मध्ये बाजारात तुरीचे दर हमीभावाच्या बरेच वर गेले. ज्याच्या रानात माल होता त्याला चांगले पैसे मिळाले. ज्याची तूर वाळली तो ते दर आडतीच्या फळ्यावर वाचून घरी आला, आणि घरच्या वरणासाठी तीच डाळ महाग भावानं विकत घेतली.

बिनव्याजी कर्जाची तारीख

कर्नाटकात सहकारी सोसायट्यांमार्फत शेतकऱ्याला शून्य टक्के व्याजानं पीककर्ज मिळतं. ही मर्यादा आधी ३ लाख होती, २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ती ५ लाख केली. महाराष्ट्रातले पाहुणे याचं कौतुक करतात, आणि ते खरंही आहे. पण ‘बिनव्याजी’ या शब्दाला एक अट चिकटलेली आहे: मुदतीत भरलं तर. मुदत चुकली की सरकार भरत असलेलं व्याज बंद होतं आणि व्याज शेतकऱ्याच्या नावावर येतं, तेही तारीख चुकल्यापासून नाही तर कर्ज उचलल्यापासून.

राष्ट्रीयीकृत बँकेच्या किसान क्रेडिट कार्डाचा प्रकार थोडा वेगळा. ३ लाखांपर्यंत ७ टक्के, मुदतीत फेडलं तर ३ टक्के परत, म्हणजे ४ टक्के पडतं. मुदत गेली की ती ३ टक्क्यांची सवलतही गेली आणि ७ चा दरही गेला, पुढं बँकेचा नेहमीचा दर.

म्हणून गावात मार्चपासून एकच विचारणा असते, ‘नवं-जुनं झालं का?’ नवं-जुनं म्हणजे जुनं कर्ज भरायचं आणि आठ-दहा दिवसांत तेवढंच नवं उचलायचं. ज्याच्याकडं भरायला पैसे नाहीत तो त्या आठ-दहा दिवसांसाठी सावकाराकडून घेतो. शेकडा तीन रुपये महिना हा दर ऐकायला लहान वाटतो. १ लाखाला दहा दिवसांचे हजार रुपये, कोण नाही म्हणेल? सोसायटीची सवलत तर टिकते.

घोळ होतो तो नवं कर्ज मंजूर व्हायला वेळ लागला की. कधी डीसीसी बँकेकडं पैसे नसतात, कधी पहाणीत वारसाची नोंद अडते, कधी सोसायटीची बैठकच होत नाही. दहा दिवसांचे तीन महिने होतात. हजाराचे नऊ हजार होतात. वर्षाला तो दर ३६ टक्के पडतो. कर्नाटकात परवानाधारक सावकारालासुद्धा तारणावर वर्षाला १४ आणि बिनतारणी १६ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, पण हा व्यवहार मुळात परवान्याशिवायचा आणि कागदाशिवायचा असतो. तेव्हा नवं-जुनं करण्याआधी सेक्रेटरीला एक गोष्ट स्पष्ट विचारावी: नवी रक्कम कुठल्या तारखेला खात्यावर पडेल? उत्तर ‘बघू’ असं असेल तर सावकाराकडं जाणं म्हणजे बिनव्याजी कर्ज ३६ टक्क्यांच्या कर्जात बदलणं.

याच ठिकाणी आणखी एक चूक होते. मुदत चुकली म्हणजे लगेच जप्ती येणार, असं समजून माणूस बायकोचे दागिने मोडतो किंवा बैल विकतो. खरं तर थकीत होणं आणि खातं बुडीत वर्गात जाणं यात अंतर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कमी मुदतीच्या पिकासाठी घेतलेलं कर्ज मुदतीनंतर दोन हंगाम थकल्यावर, आणि वर्षभराहून जास्त लागणाऱ्या पिकाचं एक हंगाम थकल्यावर बुडीत वर्गात टाकलं जातं. तूर जून ते जानेवारीची, म्हणजे पहिल्या वर्गात. सवलत जाते हे खरं, नोटीसही येते. पण बैल विकायचा की नाही हे ठरवायला काही महिने असतात. बैल गेला की पुढची पेरणी भाड्याच्या औतावर किंवा ट्रॅक्टरवर येते, आणि तो खर्च पुन्हा कर्जात.

वर्षाला नाव काय, यावर अडतं

पीक बुडालं तर कर्जाची मुदत वाढवून मिळते, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. ते कधी मिळतं हे थोडं नीट बघू.

रिझर्व्ह बँकेनं नैसर्गिक आपत्तीतल्या कर्जांबाबतचे निर्देश २०१८ मध्ये एकत्र केले. त्यांचा गाभा साधा आहे. पिकाचं नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर बँक परतफेडीला जास्तीत जास्त दोन वर्षं देऊ शकते. ५० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर जास्तीत जास्त पाच वर्षं. दोन्हीत पहिलं एक वर्ष हप्ता नाही. याला पुनर्गठन म्हणतात. सोसायटीच्या कर्जातही अशीच तरतूद असते, तिथं अल्प मुदतीचं कर्ज मध्यम मुदतीत बदलतात. पुनर्गठन झालं की खातं थकीत धरलं जात नाही आणि नव्या हंगामाला नवं पीककर्ज मागता येतं. हा मुद्दा सगळ्यात मोलाचा, कारण बियाणं-खताला पैसा कुठून आणायचा हाच खरा प्रश्न असतो.

मात्र हे सगळं सुरू होतं ते सरकारनं आपत्ती जाहीर केल्यावर. आणि आपत्ती कशाला म्हणायचं याची केंद्राची यादी ठरलेली आहे: दुष्काळ, पूर, गारपीट, ढगफुटी, भूकंप, चक्रीवादळ, थंडीची लाट, कीड वगैरे. यादीत ‘कीड’ आहे, ‘रोग’ नाही. टोळधाड आली तर ती आपत्ती. जमिनीतल्या बुरशीनं मुळं खाल्ली तर ती त्या यादीत बसत नाही. त्यामुळं २०२२ च्या मरीला आपत्तीच्या ठरलेल्या रस्त्यानं मदत मिळाली नाही, राज्याला वेगळा निर्णय घेऊन हेक्टरी १० हजार द्यावे लागले. परिहार मिळाला, पण त्याच्या मागोमाग पुनर्गठन आपोआप आलं नाही.

पुढच्या वर्षी काय झालं बघा. २०२३ मध्ये ऑगस्ट कोरडा गेला आणि कर्नाटक सरकारनं २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. राज्यानं आधी शेतकऱ्याला २ हजारांपर्यंत रक्कम दिली. केंद्राच्या मदतीसाठी राज्य सुप्रीम कोर्टात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्राकडून सुमारे साडेतीन हजार कोटी मंजूर झाले. म्हणजे माणूस तोच, रान तेच, कर्जही तेच. एका वर्षी नुकसान ‘रोगानं’, दुसऱ्या वर्षी ‘दुष्काळानं’. दुसऱ्या वर्षी बँकेकडं पुनर्गठन मागायला कागदी आधार होता, पहिल्या वर्षी नव्हता. पण पहिल्या वर्षीच खातं थकलेलं असेल तर दुसऱ्या वर्षीच्या सवलतीला तो माणूस पात्र ठरणं अवघड, कारण पुनर्गठन हे आपत्तीच्या वेळी थकीत नसलेल्या कर्जासाठी असतं.

यातून एकच गोष्ट हाती घेण्यासारखी आहे. नुकसान रोगाचं असो की पावसाचं, मुदत संपायच्या आधी बँकेला किंवा सोसायटीला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जासोबत रयत संपर्क केंद्रातली पाहणीची नोंद, शेताचे फोटो आणि पहाणीची प्रत. अर्ज दिला म्हणून मुदत वाढेलच असं नाही. पण मुदत संपल्यावर दिलेल्या अर्जाला बँक थकबाकीदाराचा अर्ज म्हणून बघते, आधी दिलेल्याला नाही.

आणि हेही माहीत असावं की पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे. शून्य टक्क्याचं कर्ज पुनर्गठनानंतर शून्य टक्क्याचं राहत नाही, व्याज लागतं. १ लाख चार हप्त्यांत भरायचे तर वर्षाला २५ हजार आणि वर व्याज, शिवाय नव्या पीककर्जाची फेड वेगळी. पाच एकरात दोन्ही पेलवणार असतील तरच पाच वर्षं घ्यावीत. ज्याला पुढच्या वर्षी निम्मं भरता येणार आहे त्यानं कमी मुदत मागणं बरं.

विमा रानाचा नसतो, पंचायतीचा असतो

पीकविम्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. प्रधानमंत्री फसल बिमा योजनेत खरीप पिकाला शेतकरी विमा रकमेच्या २ टक्के भरतो, बाकीचा हप्ता सरकार देतं. या विम्यात रोगामुळं घटलेलं उत्पन्न धरलं जातं, म्हणजे मर चालते. अडचण वेगळी आहे. मोजमाप तुमच्या रानाचं होत नाही, ग्रामपंचायतीचं होतं.

मुख्य पिकासाठी पंचायतीत चार ठिकाणी पीककापणी प्रयोग करतात. त्यांची सरासरी म्हणजे त्या वर्षीचं उत्पन्न. आधीच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पन्न काढलेलं असतं. घट किती टक्के आली, तेवढे टक्के विमा रकमेचे मिळतात. समजा उंबरठा हेक्टरी ८०० किलो आणि पंचायतीची सरासरी आली ५०० किलो. घट ३०० किलोची, म्हणजे साडेसदतीस टक्के. विमा रक्कम हेक्टरी ४८ हजार धरली तर हेक्टरी १८ हजार, दोन हेक्टरचे ३६ हजार. हप्ता गेला होता १,९२०.

वरच्या हिशेबात ४७ हजारांचा खड्डा होता. ३६ हजार आले तर तो ११ हजारांवर येतो. विमा असणं आणि नसणं यातला फरक एवढा मोठा आहे. पण त्याच पंचायतीत वरच्या चढाच्या रानात तूर चांगली आली आणि सरासरी ७८० निघाली, तर ज्याच्या सखल रानातली तूर पूर्ण वाळली त्यालाही हेक्टरी फक्त १,२०० रुपये मिळतील. यात कुणाची लबाडी नसते, योजनेची रचनाच तशी आहे. ७२ तासांत कळवा, वैयक्तिक पंचनामा होईल, हे जे सांगतात ते गारपीट, पाणी साचणं, ढगफुटी अशा नुकसानीसाठी. हळूहळू वाळणाऱ्या तुरीला ती वाट नाही. ज्या रानात सप्टेंबरात पाणी तुंबलं होतं त्यानं तेव्हाच ७२ तासांत कळवलं असतं तर गोष्ट वेगळी. डिसेंबरात झाड वाळल्यावर सप्टेंबरचं पाणी दाखवता येत नाही.

दावा अडायचं दुसरं मोठं कारण म्हणजे पिकाचं नाव. विमा तुरीचा आणि ‘बेळे समीक्षे’ ॲपवर नोंद सोयाबीनची, असं झालं की दावा बाजूला पडतो. कधी गावातला खासगी नोंदणीदार शेजारच्या रानात उभा राहून फोटो काढतो, कधी आंतरपीक असताना एकच पीक चढवतो. ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या सर्व्हे नंबरपुढं कोणतं पीक लागलंय ते स्वतः बघावं, चूक असेल तर हरकत घ्यायला तेव्हा मुदत असते. ‘संरक्षणे’ पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकला की दाव्याची स्थिती कळते. पान कन्नडमध्ये आहे म्हणून आपली बरीच माणसं ते उघडतच नाहीत, सायबर कॅफेवाल्यावर सोडतात. घरात कन्नड शाळेत जाणारं पोर असतं. त्याला बसवावं.

परिहाराचे पैसे आणि हप्त्यांची दारं

परिहार बँक खात्यावर येतो, आणि बँक तो परस्पर कर्जात वळती करून घेते, ही तक्रार जुनी आहे. २०२४ मध्ये दुष्काळाचे पैसे आले तेव्हा राज्य सरकारला बँकांना सांगावं लागलं की ही रक्कम कर्जात कापू नका. त्यामुळं असं घडलं तर शाखेत भांडत बसण्यापेक्षा तहसीलदार कार्यालयात आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडं लेखी तक्रार द्यावी, पासबुकाच्या पानाची प्रत जोडून.

सावकाराशिवाय आता गावात दुसरं कर्जही आहे: बायकांच्या गटामार्फत मिळणारं मायक्रोफायनान्स. तूर वाळल्यावर सोसायटीची थकबाकी थांबू शकते, पण आठवड्याचा हप्ता थांबत नाही. बहुतेक घरांत हा हप्ता बाई भरते, शेतमजुरीतून किंवा शिलाईतून. पुरुषाचं कर्ज वर्षातून एकदा दारात येतं, बाईचं दर आठवड्याला. वसुलीचा जाच वाढला म्हणून कर्नाटकनं फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला. धमकी देणं, घरात घुसणं, वस्तू उचलून नेणं यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हप्ता माफ झाला, असा त्याचा अर्थ नाही. पण रात्री दारात उभं राहून ओरडणाऱ्या माणसाला पोलीस ठाण्यात नेता येतं.

सीमेच्या अलीकडं-पलीकडं

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा पाणी. भीमा आणि मांजरा दोन्ही फुगल्या, कलबुर्गी, बिदर, यादगीर, विजयपुरा या जिल्ह्यांत आणि पलीकडं लातूर, धाराशिव, सोलापुरात रानं पाण्याखाली गेली. या वेळी नुकसानीला ‘अतिवृष्टी’ हे नाव होतं, म्हणून आपत्तीचा रस्ता मोकळा होता. केंद्राच्या निकषानं कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. कर्नाटकनं त्यात आपले ८,५०० घातले, १७ हजार झाले. महाराष्ट्रानं ऑक्टोबरात पॅकेज जाहीर केलं, त्यात रब्बीसाठीचे १० हजार धरून कोरडवाहूला १८,५०० आणि मर्यादा तीन हेक्टर.

आपल्या पाच एकरवाल्याला हे कसं पडतं? आळंदमध्ये असेल तर ३४ हजार, पलीकडं उमरग्यात असेल तर ३७ हजार. फरक फार नाही. पण ज्याचं रान साडेसात एकर आहे, त्याला कर्नाटकात दोन हेक्टरचेच ३४ हजार आणि महाराष्ट्रात तीन हेक्टरचे साडेपंचावन्न हजार. पाहुण्यांत तुलना होते ती इथून.

ज्यांची रानं दोन्हीकडं आहेत, आणि भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या कडेला अशी घरं बरीच आहेत, त्यांना दोन्हीकडं वेगळी कागदं लागतात. कर्नाटकातल्या रानाला पहाणी, फ्रूट्सचा एफआयडी क्रमांक आणि बेळे समीक्षे. महाराष्ट्रातल्या रानाला सातबारा, शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी. विमाही जिथं रान आहे तिथल्या राज्यातच भरावा लागतो. राहायला भालकीला आणि रान देवणीला असेल तर ७२ तासांची तक्रार महाराष्ट्राच्या बाजूनं करायची. आधार कार्डावर पत्ता कर्नाटकचा आहे म्हणून कुणी परत पाठवलं तर लक्षात ठेवावं की विम्याचा हक्क रानावरून ठरतो, घरावरून नाही.

राहिला प्रश्न त्या मर लागलेल्या रानाचा. त्यात पुन्हा तूर टाकायची की नाही? ज्वारी घेतलेल्या रानात पुढं मर कमी होते, आणि तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतलं तरी फरक पडतो. म्हणून ज्याला जमतं तो दोन वर्षं रान ज्वारीला किंवा इतर पिकाला देतो, धसकटं वेचून जाळतो, आणि परत तूर घेताना बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळून पाणी तुंबणार नाही अशा सरी-वरंब्यावर पेरतो. पण सोसायटीचं कर्ज पिकाप्रमाणं ठरतं. कोणत्या पिकाला एकरी किती द्यायचं हे दरवर्षी जिल्ह्यात ठरवतात आणि सगळ्या पिकांना सारखी रक्कम मिळत नाही. ज्वारीवर गेलं तर कर्ज कमी बसू शकतं, आणि मग जुनं फेडायला हात आखडतो. तेव्हा पेरणीआधी, मे महिन्यातच, सेक्रेटरीकडून त्या वर्षीचे पीकवार कर्जदर विचारून घ्यावे आणि मगच कोणत्या पट्ट्यात काय टाकायचं ते ठरवावं. पाच एकरांपैकी मर लागलेले दोन एकर ज्वारीला आणि उरलेले तीन तुरीला, अशी वाटणी सध्या या भागात बरेच जण करताना दिसतात.